असमान ध्रुवीकरण असलेल्या स्लॅबमधला बद्ध प्रभार कसा काढायचा: −∇·P पायरी पायरीने

ध्रुवीकरण सगळीकडे सारखं असलेल्या स्लॅबचं गणित सोपं असतं. एका पृष्ठावर धन, दुसऱ्यावर ऋण, मध्ये काही नाही. ध्रुवीकरण जागोजागी बदलायला लागलं की मात्र स्लॅबच्या पोटातही प्रभार दिसू लागतो आणि नेमका तिथेच गोंधळ होतो. सूत्र एका ओळीचं आहे, ρ_b = −∇·P. तरी उत्तरं चुकतात, कारण ऋण चिन्ह कुठून आलं, पृष्ठभागावरचा प्रभार वेगळा का धरायचा आणि आपलं उत्तर बरोबर आहे हे ओळखायचं कसं, या तीन गोष्टी सुट्या सुट्या शिकल्या जातात. इथे एकच स्लॅब घेऊन त्या एकत्र बघू.

आपला स्लॅब 2 मिमी जाड आहे आणि आडवा ठेवलेला आहे. खालचं पृष्ठ z = 0 वर, वरचं z = d वर. ध्रुवीकरण सरळ वर, म्हणजे +z दिशेला आहे आणि वर जाऊ तसं वाढत जातं:

```
P(z) = P0 (1 + z²/d²)
P0 = 2 µC/m²,  d = 2 mm
```

खाली P ची किंमत 2 µC/m², वर 4 µC/m². बाहेरून विद्युतक्षेत्र लावलेलं नाही आणि मुक्त प्रभारही नाही. मग ध्रुवीकरण टिकलं कसं? पदार्थात ते गोठलेलं आहे असं धरायचं. अशा पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1885 मध्ये वापरला. मेण वितळवून, जोरदार विद्युतक्षेत्रात ठेवून तसंच थंड होऊ दिलं की रेणूंची दिशा बऱ्याच अंशी तशीच राहते. खऱ्या इलेक्ट्रेटमध्ये बाहेरून येऊन अडकलेला प्रभारही असू शकतो. आपण तो शून्य धरतोय.

## 1. आधी या गोष्टी कागदावर मांडा

- P चं सूत्र, दिशेसकट. नुसता आकडा पुरत नाही.
- स्लॅबची दोन्ही पृष्ठं कुठे आहेत: z = 0 ते d, की z = −d/2 ते +d/2.
- प्रत्येक पृष्ठावर बाहेर जाणारी स्तंभिका. वरच्या पृष्ठावर ती +z, खालच्या पृष्ठावर −z.
- एककं. P चं एकक C/m², ρ_b चं C/m³.
- ε₀ = 8.854 × 10⁻¹² F/m. हा शेवटी क्षेत्र काढताना लागेल. बद्ध प्रभार काढताना ε₀ कुठेच येत नाही. तिथे तो आला असेल तर काहीतरी चुकलंय.

एककांची एक सोय लक्षात ठेवा. P मायक्रोकूलोंब प्रति चौरस मीटरमध्ये आणि अंतर मिलिमीटरमध्ये असेल, तर भागाकार थेट मिलिकूलोंब प्रति घनमीटरमध्ये येतो, कारण 10⁻⁶ ला 10⁻³ ने भागलं की 10⁻³ उरतं.

## 2. ऋण चिन्ह पाठ करू नका, मोजून बघा

P चा एक अर्थ गणितापेक्षा जास्त उपयोगी पडतो. ध्रुवीकरण होताना पदार्थातला धन प्रभार P च्या दिशेने आणि ऋण प्रभार उलट दिशेने थोडासा सरकतो. P ला आडव्या असलेल्या प्रतलाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून या सरकण्यात जेवढा प्रभार पलीकडे गेला, तेवढी तिथल्या P ची किंमत.

आता स्लॅबच्या आत z = 1.0 मिमी आणि z = 1.1 मिमी यांच्यामधला पातळ थर घ्या. आकडे असे:

```
P(1.0 mm) = 2 × (1 + 0.2500) = 2.500 µC/m²
P(1.1 mm) = 2 × (1 + 0.3025) = 2.605 µC/m²
```

थराच्या खालच्या प्रतलातून प्रत्येक चौरस मीटरला 2.500 µC आत आला. वरच्या प्रतलातून 2.605 µC बाहेर गेला. बसच्या मागच्या दाराने जेवढे चढले त्यापेक्षा पुढच्या दाराने जास्त उतरले, तर बसमधली माणसं कमी होणार. थर सुरुवातीला उदासीन होता, म्हणून आता त्यात −0.105 µC/m² उरला. जाडी 0.1 मिमी, म्हणून घनता:

```
−0.105 µC/m² ÷ 0.1 mm = −1.05 mC/m³
```

ऋण चिन्ह इथून आलं. आत आलेला वजा बाहेर गेलेला म्हणजे P(z) − P(z+Δz). डेरिव्हेटिव्हची व्याख्या याच्या बरोबर उलट, नंतरची किंमत वजा आधीची, अशी आहे. म्हणून ρ_b = −dP/dz. P ज्या दिशेला रोखलेलं आहे त्याच दिशेला ते वाढत असेल तर आतला प्रभार ऋण, घटत असेल तर धन. हे एक वाक्य मनात बसलं की चिन्हाची चूक तिथल्या तिथे दिसते.

यातूनच आणखी एक समजतं. हा प्रभार बाहेरून आलेला नाही. 1 mC/m³ म्हणजे साधारण 6 × 10¹⁵ इलेक्ट्रॉनांइतका प्रभार प्रति घनमीटर, तर घन पदार्थात एका घनमीटरमध्ये 10²⁸ हून जास्त अणू असतात. सगळ्यांच्या किंचित सरकण्यातला फरक तेवढा शिल्लक राहतो. ‘बद्ध’ म्हणजे हाच: कोणताही कण आपली जागा सोडून लांब गेलेला नाही.

## 3. डायव्हर्जन्स काढा, पण आधी घटक तपासा

पूर्ण सूत्र असं आहे:

```
ρ_b = −( ∂Px/∂x + ∂Py/∂y + ∂Pz/∂z )
```

आपल्या स्लॅबमध्ये फक्त Pz आहे आणि ते फक्त z वर अवलंबून आहे, म्हणून एकच पद उरतं:

```
ρ_b(z) = −2 P0 z / d²
```

z = 0 वर शून्य, मध्यावर −1 mC/m³, वरच्या पृष्ठाला लागून −2 mC/m³. मघाच्या थराचा मध्यबिंदू 1.05 मिमी होता. सूत्रात घातलं तर −1.05 mC/m³ येतं, म्हणजे हाताने मोजलेलं तंतोतंत जुळतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘P बदलतंय, म्हणजे व्हॉल्यूम चार्ज असणारच’ असं धरणं. समजा P ची किंमत तीच ठेवली, पण दिशा आडवी, म्हणजे x दिशेला केली. आता Px आहे आणि ते z नुसार बदलतंय. सूत्रातलं पद मात्र ∂Px/∂x आहे आणि ते शून्य आहे. वरखाली बघितलं तर ध्रुवीकरण बदलतंय, तरीही ρ_b कुठेच नाही. थरांच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक थरात प्रभार आडवाच सरकला, शेजारच्या थरात कोणी गेलंच नाही. वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरही काही जमत नाही, कारण P तिथल्या स्तंभिकेला काटकोनात आहे. म्हणून P चा कोणता घटक कोणत्या अक्षावर बदलतोय हे डेरिव्हेटिव्ह घेण्याआधी लिहा. घटक आणि अक्ष एकच असेल तेव्हाच पद जिवंत राहतं.

## 4. दोन्ही पृष्ठं वेगळी करा

पृष्ठावर P एकदम शून्यावर येतं, कारण बाहेर पदार्थच नाही. तिथे डेरिव्हेटिव्ह घेता येत नाही, पण मोजणी तीच चालते: आतून जेवढा प्रभार पृष्ठाकडे सरकला तेवढा तिथेच साचला. सूत्र σ_b = P · n̂, आणि n̂ नेहमी पदार्थातून बाहेर.

```
z = d :  n̂ = +z,  σ_b = +2 P0 = +4 µC/m²
z = 0 :  n̂ = −z,  σ_b = −P0  = −2 µC/m²
```

खालच्या पृष्ठाचं ऋण चिन्ह विसरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. स्तंभिका +z आहे असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि तीच दोन्हीकडे वापरली जाते.

बाजूच्या उभ्या कडांवर P कडेला समांतर आहे, म्हणून तिथे σ_b शून्य.

स्लॅबच्या पोटात एखाद्या प्रतलावर P उडी मारत असेल, म्हणजे दोन वेगळे तुकडे चिकटवलेले असतील, तर त्या प्रतलावरही प्रभाराचा पातळ पत्रा बसतो. त्याची किंमत P(खालचं) − P(वरचं). दोन्ही तुकड्यांचे ρ_b अचूक काढूनही बेरीज जुळत नसेल, तर बहुतेक वेळा हाच पत्रा राहून गेलेला असतो. P मोडत नसून फक्त त्याचा उतार बदलत असेल तर पत्रा नसतो, ρ_b मध्ये पायरी दिसते एवढंच.

## 5. बेरीज शून्य येते का बघा

ध्रुवीकरणाने एकूण प्रभार तयार होत नाही, म्हणून सगळं मिळून शून्य यायलाच हवं. पोटातला प्रभार इंटिग्रेट करून:

```
∫ ρ_b dz (0 ते d) = −P0 = −2 µC/m²

खालचं पृष्ठ   −2
पोट           −2
वरचं पृष्ठ    +4
एकूण           0
```

पोटातला प्रभार काढताना ρ_b ला सरळ d ने गुणायचा मोह होतो. ρ_b जागोजागी बदलत असताना ते चालत नाही. वरच्या पृष्ठाजवळची −2 mC/m³ ही किंमत घेऊन 2 मिमीने गुणलं तर −4 µC/m² येतं आणि एकूण बेरीज −2 उरते. ही चूक तपासणीत लगेच सापडते.

काय सापडत नाही तेही माहीत हवं. ρ_b आणि σ_b दोन्हीकडे चिन्ह उलटं लागलं तरी बेरीज शून्यच येते. म्हणून बेरजेसोबत एक स्वतंत्र खूण तपासा: P ज्या पृष्ठातून बाहेर रोखलेलं आहे ते पृष्ठ धन असलंच पाहिजे. आपल्याकडे वरचं पृष्ठ +4 आहे, म्हणजे ठीक.

## 6. क्षेत्र काढून दुसरी खात्री करा

स्लॅब जाडीच्या मानाने खूप रुंद आहे असं धरा. मुक्त प्रभार नाही, बाहेरचं क्षेत्र नाही, म्हणून D सगळीकडे शून्य. D = ε₀E + P, म्हणून आत:

```
E(z) = −P(z) / ε0
```

खालच्या पृष्ठाच्या लगेच वर E = −2.26 × 10⁵ V/m, वरच्या पृष्ठाच्या लगेच खाली −4.52 × 10⁵ V/m, आणि बाहेर शून्य. ऋण म्हणजे क्षेत्र खाली, P च्या उलट.

आता हेच बद्ध प्रभारावरून काढा. खालून वर चढत जा आणि वाटेत भेटलेला प्रभार गाउसच्या नियमाने ε₀ ने भागून मिळवत जा. खाली बाहेर शून्य. पहिलं पृष्ठ ओलांडलं, −2 µC/m² मिळाला, E झालं −2.26 × 10⁵. पोटातून जाताना आणखी −2 मिळाला, E झालं −4.52 × 10⁵. वरचं पृष्ठ ओलांडलं, +4 मिळाला, E परत शून्य. दोन्ही वाटांनी तेच उत्तर आलं. इथे एक दक्षता घ्या: एका वाटेत D वापरा, दुसऱ्या वाटेत फक्त बद्ध प्रभार. दोन्ही एकाच समीकरणात मिसळले की P चा परिणाम दोनदा मोजला जातो.

दोन पृष्ठांमधलं विभवांतरही लगेच निघतं. P ला जाडीभर इंटिग्रेट करून ε₀ ने भागलं की (4/3) P0 d / ε₀, म्हणजे सुमारे 602 V, आणि वरचं पृष्ठ जास्त विभवावर. ρ_b विसरून सरासरी P म्हणून 3 µC/m² धरलं असतं तर 678 V आलं असतं. फरक थोडा वाटतो, पण मोजमापात तो सहज दिसतो.

हे सगळं स्लॅबच्या मधल्या भागासाठी खरं आहे. कडेपासून काही जाडींच्या अंतरात क्षेत्ररेषा बाहेर वळतात आणि E = −P/ε₀ तिथे चालत नाही. ρ_b आणि σ_b मात्र कडेलाही तेच राहतात, कारण ते फक्त P वरून ठरतात.

## 7. संगणकावर करताना

P मोजमापातून, आकड्यांच्या यादीत मिळालं असेल तर दुसऱ्या पायरीतली थरांची मोजणीच कोडमध्ये उतरवा:

```python
import numpy as np

P0, d, N = 2e-6, 2e-3, 200
z = np.linspace(0, d, N + 1)          # थरांच्या सीमा
P = P0 * (1 + (z / d)**2)
rho = -np.diff(P) / np.diff(z)        # प्रत्येक थरातली घनता
zm = (z[:-1] + z[1:]) / 2             # थरांचे मध्यबिंदू
print(np.max(np.abs(rho + 2 * P0 * zm / d**2)))
```

छापलेला फरक 10⁻¹⁵ हूनही कमी यायला हवा. `rho` ची किंमत थराच्या मध्यबिंदूची आहे, सीमेची नाही. ती `z` समोर काढायला गेलात तर याद्यांची लांबीच जुळणार नाही.

बाहेरची हवा ग्रिडमध्ये घेतली आणि तिथे P शून्य ठेवलं, तर पृष्ठाजवळच्या एका थरात प्रचंड मोठा सुळका दिसतो. ग्रिड बारीक केली की तो आणखी उंच होतो, म्हणून कोड बिघडला असं वाटतं. तो सुळका म्हणजेच σ_b आहे, एका थरात दाबलेला. त्याची उंची गुणिले थराची जाडी केली की साधारण +4 आणि −2 µC/m² परत मिळतात. असं केलं असेल तर σ_b वेगळा मिळवायचा नाही. पृष्ठं एक तर ग्रिडमध्ये असतील, नाही तर हाताने जोडलेली.

मोजलेल्या आकड्यांत खरखर असेल तर डेरिव्हेटिव्ह ती खूप वाढवून दाखवतं. 0.01 मिमीच्या ग्रिडवर P मध्ये 0.01 µC/m² ची चूक असली, तरी ρ_b मध्ये 1 mC/m³ ची चूक येते, म्हणजे आपल्या उत्तराएवढीच. अशा वेळी आधी P ला गुळगुळीत वक्र बसवा आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या.

## 8. P दिलेलं नसेल, εr(z) दिलं असेल तर

प्रश्न बदलून असा येतो: दोन प्लेटांमध्ये स्लॅब आहे, त्याची सापेक्ष परमिटिव्हिटी खाली 2 आणि वर 4, आणि 1/εr ही राशी z बरोबर सरळ रेषेत बदलते. खालच्या प्लेटवर मुक्त प्रभार +1 µC/m², वरच्यावर −1. इथे गोठलेलं काही नाही, P क्षेत्रामुळे तयार होतंय.

सापळा असा की प्लेटा समांतर आहेत म्हणून E एकसारखं धरलं जातं आणि P = ε₀(εr − 1)E लिहून डेरिव्हेटिव्ह घेतलं जातं. εr बदलत असताना E एकसारखं राहत नाही. एकसारखं राहतं ते D, कारण पोटात मुक्त प्रभार नाही. म्हणून सुरुवात D पासून:

```
D = 1 µC/m²
P = D (1 − 1/εr)
ρ_b = D · d(1/εr)/dz = 1 µC/m² × (0.25 − 0.50) / 2 mm
    = −0.125 mC/m³
```

खाली P = 0.5, वर 0.75 µC/m². प्रभाराचा हिशेब: खालचं पृष्ठ −0.5, पोट −0.125 mC/m³ × 2 mm = −0.25, वरचं पृष्ठ +0.75. बेरीज शून्य. धन प्लेटेला लागलेलं पृष्ठ ऋण आहे, हेही अपेक्षेप्रमाणे.

E एकसारखं धरून केलेलं चुकीचं गणितही पाचव्या पायरीतली बेरीज शून्यच देतं, कारण P कुठलंही असलं तरी −dP/dz आणि पृष्ठं मिळून शून्यच होतात. म्हणजे ती तपासणी डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे का हे सांगते, P बरोबर आहे का हे नाही. P तपासायला ε₀εrE ची किंमत वर आणि खाली काढून बघा. चुकीच्या गणितात ती वर दुप्पट येते, आणि पोटात मुक्त प्रभार नसताना D बदलूच शकत नाही.

εr सगळीकडे सारखं असेल आणि आत मुक्त प्रभार नसेल, तर ρ_b शून्यच असतो, मग E कितीही वेडंवाकडं असो. मुक्त प्रभार असेल तर त्याच जागी ρ_b = −(1 − 1/εr) ρ_f मिळतो. εr = 4 असेल तर मुक्त प्रभाराचा तीन चतुर्थांश बद्ध प्रभाराने झाकला जातो.